तांदळाची भाकरी का नाही?

“पप्पा, चर्चमध्ये मिस्सात फादर ‘भाकर’ म्हणतात, पण ती तर पापडासारखी पांढरी चकती असते. आपण रोज तांदळाची भाकरी खातो, मग ती का नाही चालत? आणि वाइनच का? पाणी का नाही?”

बाळा,

फोनवर तू विचारलंस तेव्हा माझी ड्युटीची बस आली होती, म्हणून आता सवडीने लिहितोय. पुढच्या महिन्यात तुझा पहिला कम्युनियन आहे, म्हणजे ती भाकर तू पहिल्यांदा घेणार आहेस. त्याआधी हे तुला नीट कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात एका जेवणापासून करू. यहुदी लोकांचा वल्हांडण सण असतो. त्यांचे पूर्वज मिसर देशात गुलाम होते आणि एका रात्रीत त्यांना तिथून निघावं लागलं. कणीक फुगेपर्यंत थांबायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी खमीर न घालता भाकर भाजून घेतली. त्या सुटकेची आठवण म्हणून ते दरवर्षी बेखमीर भाकर खातात आणि द्राक्षारसाचा प्याला घेतात. त्या जेवणात घरातल्या लहान मुलाने विचारायचं असतं, ‘हे आपण कशासाठी करतो?’ मग मोठ्यांनी गोष्ट सांगायची. तुझ्यासारख्या मुलाच्या प्रश्नाला तिथे मानाची जागा आहे.

आपल्या कोकणातले बेने इस्राएल लोकही यहुदीच आहेत. ते घरात मराठी बोलतात आणि मनुका भिजवून केलेल्या सरबतावर आशीर्वादाची प्रार्थना म्हणतात. द्राक्षाशी असलेलं नातं त्यांनी इतक्या दूर येऊनही सोडलं नाही.

येशू यहुदी होता. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री यरुशलेममध्ये तो शिष्यांबरोबर जेवायला बसला, तेव्हा त्यांच्या पुढ्यात हीच भाकर आणि हाच द्राक्षारस होता. त्याने भाकर घेतली, देवाचे आभार मानले, ती मोडली आणि म्हणाला, ‘हे माझे शरीर आहे.’ मग प्याला घेऊन म्हणाला, ‘हे माझे रक्त आहे.’ आणि सांगितलं, ‘माझ्या स्मरणार्थ हे करा.’ त्या जेवणात पाणी किंवा तांदूळ निवडायचा प्रश्नच नव्हता. त्याने जे हातात घेतलं तेच आपण घेतो. म्हणून चर्चचा नियम असा, की भाकर फक्त गव्हाची हवी आणि रस द्राक्षांचाच हवा, आंबून बिघडलेला नको. आपल्या वसईत भात पिकतो, आजीच्या हातची भाकरी मलाही इथे दुबईत रोज आठवते. पण मिस्सातली भाकर त्या एका रात्रीची आहे, आणि ती रात्र आपण बदलू शकत नाही.

ती चकती कशी करतात माहीत आहे? गव्हाचं पीठ आणि पाणी, बस. मीठ नाही, साखर नाही, खमीर नाही. ते पातळ पीठ दोन तापलेल्या लोखंडी पाट्यांच्या मध्ये ओतून दाबतात. पाटीवर क्रूस कोरलेला असेल तर तो भाकरीवर उमटतो. मग गोल कापून घेतात.

आता माझ्या मनाला सगळ्यात जास्त भिडणारी गोष्ट. फादर भाकर वर धरून जी प्रार्थना करतात तिच्यात भाकरीला ‘भूमीचं फळ आणि माणसाच्या हातांचं काम’ म्हटलेलं आहे. नुसता गहू किंवा नुसती द्राक्षं आपण वेदीवर ठेवत नाही. कुणीतरी नांगरलं, कापलं, दळलं, तुडवलं, तेव्हा ती भाकर आणि तो रस झाला. पहिल्या काळातल्या ख्रिस्ती लोकांची एक प्रार्थना होती: ही भाकर जशी डोंगरांवर विखुरलेली होती आणि गोळा होऊन एक झाली, तशी तुझी ख्रिस्तसभा पृथ्वीच्या टोकांपासून एक होवो. जेबेल अलीच्या चर्चमध्ये माझ्या बाकावर केरळचे, गोव्याचे, फिलिपाइन्सचे लोक बसतात. तिथे मला ती ओळ खरी होताना दिसते.

एकदा मात्र हे बिघडलं होतं. ग्रीस देशात करिंथ नावाचं शहर होतं. तिथले ख्रिस्ती लोक एखाद्या घरी जमून आधी जेवत आणि त्याच बैठकीत प्रभूची भाकर मोडत. काही जण आपलं जेवण आधीच उरकून घेत. ज्यांच्याकडे काही नसे ते उपाशी राहत आणि कुणी तर पिऊन झिंगलेलाही असे. संत पॉलला हे कळलं आणि इसवी सन ५५ च्या सुमारास त्याने त्यांना कडक पत्र लिहिलं: हे तुम्ही खाता ते प्रभूचं भोजन नव्हेच! त्याच रागाच्या भरात तो त्या रात्रीची हकिगत सांगतो. ती लिहून ठेवलेली सगळ्यात जुनी नोंद हीच, शुभवर्तमानांच्याही आधीची. शिफ्ट संपवून उशिरा पोहोचणारा माणूस म्हणून मला ते पत्र फार जवळचं वाटतं.

फादरांनी ते शब्द उच्चारल्यावर काय होतं, हेही तुला सांगायला हवं. भाकरीचा रंग, चव, वजन काहीच बदलत नाही. भिंगाखाली धरली तरी गहूच दिसेल. पण ती मुळात जे आहे ते बदलतं, तो स्वतः ख्रिस्त असतो, अशी आपली श्रद्धा आहे. आपण त्याला नुसती खूण मानत नाही, म्हणून खाली पडलेला कणही फादर उचलून घेतात. आणि भाकरीच्या एका तुकड्यातही पूर्ण ख्रिस्त असतो, रसाच्या एका घोटातही.

याचा उपयोग मी इथे डोळ्यांनी पाहिला. आमच्या बाकावरच्या एका बाईंना गव्हाचा आजार आहे, पोळीचा तुकडासुद्धा सोसत नाही. त्यांनी विचारलं, तांदळाची चकती नाही का मिळणार? अगदी तुझाच प्रश्न. फादरांनी सांगितलं, गव्हातला चिकट अंश अजिबात नसलेली भाकर चालत नाही, रोमने २०१७ च्या पत्रात ते पुन्हा स्पष्ट केलं आहे. तो अंश अगदी थोडा असलेली भाकर चालते. पण या बाईंना तेवढाही नको होता. म्हणून आता त्यांच्यासाठी वेगळा प्याला ठेवतात. त्यात भाकरीचा तुकडा पडत नाही, आणि त्या फक्त रस घेतात. त्यांना कम्युनियन अर्धा मिळतो असं नाही, पूर्ण मिळतो. तुला बहुतेक फक्त भाकर मिळेल, तरी तुझाही पूर्णच.

पाण्याचं विचारलंस ना? ते असतंच. फादर प्याल्यात रस ओतल्यावर थेंबभर पाणी घालतात. रस म्हणजे ख्रिस्त, पाणी म्हणजे आपण. एकदा मिसळलं की ते वेगळं काढता येत नाही.

आणि ‘मिस्सा’ हा शब्द पोर्तुगिजांबरोबर आला. मूळ लॅटिन. शेवटी लोकांना निरोप देताना जे म्हणत, त्यातला तो शब्द. त्याचा अर्थ पाठवणं. म्हणजे खाऊन तिथेच बसायचं नाही, निघायचं.

रविवारी आजीबरोबर पुढच्या बाकावर बस. ‘देवाच्या कोकरा’ सुरू होतं तेव्हा फादर मोठी भाकर दोन्ही हातांनी मोडतात. माइक जवळ असला तर कट् असा बारीक आवाज येतो. मग ते एक छोटासा तुकडा प्याल्यात टाकतात. तुला ऐकू आला का ते मला फोनवर सांग.

तुझा,
पप्पा