सोनोग्राफीत 'रेट्रोव्हर्टेड युटेरस' आलंय

प्रश्न: माझं गर्भाशय मागे झुकलेलं आहे. पाळीत खूप दुखतं, दीड वर्ष दिवस राहत नाहीत. कारण हेच का?

उत्तर: बहुधा नाही. साधारण पाचातल्या एकीचं गर्भाशय मूत्राशयाकडे न झुकता पाठीच्या कण्याकडे झुकलेलं असतं. काहीजणी डावखुऱ्या असतात, तसंच हे. शुक्राणू गर्भाशयमुखातल्या स्रावातून पोहत वर जातात, त्यामुळे झुकावाने त्यांची वाट अडत नाही. संबंधानंतर पालथं झोपायचा सल्ला मिळाला असेल तर तो सोडून द्या.

खरा प्रश्न वेगळा आहे: गर्भाशय हलतं आहे की मागे चिकटलेलं आहे? हलत असेल तर झुकावाचा विषय संपला. चिकटलेलं असेल तर ते कशामुळे, हे शोधायला हवं. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं, जुना जंतुसंसर्ग, आपल्याकडे जननेंद्रियांचा क्षयही. यांतच वेदना आणि वंध्यत्व दोन्हींचं मूळ असू शकतं. झुकाव हा तिथे परिणाम असतो, पण रिपोर्टवर तोच छापलेला असल्याने दोष त्याच्या माथी येतो.

तुमच्या बाबतीत वेदना पाळीच्या दोन-तीन दिवस आधीच सुरू होते का? संबंधांच्या वेळी खोलवर दुखतं का? पाळीत शौचाला दुखतं का? यांतलं काही 'हो' असेल तर एंडोमेट्रिओसिसचा संशय घ्यावा. स्त्रीरोगतज्ज्ञांना आतून तपासून गर्भाशय हलतं का ते पाहायला सांगा. योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीतही ते कळतं, मात्र ती नॉर्मल आली तरी एंडोमेट्रिओसिस नाहीच असं ठरत नाही. दीड वर्ष झालंय, तेव्हा गर्भनलिकांची आणि नवऱ्याच्या वीर्याची तपासणी आत्ताच करून घ्या.