साठ दिवसांच्या उधारीवर खेळतं भांडवल किती धरायचं?

> बुटीबोरीच्या दोन कंपन्यांना पॅकिंग टेप आणि स्ट्रेच फिल्म पुरवणार आहे. महिन्याची विक्री ५ लाख, वर जीएसटी. पेमेंट डिलिव्हरीनंतर ६० दिवसांनी. ११ लाख हाताशी आहेत. भागेल का?

नाही भागणार. हा ११ लाखांचा आकडा फार ओळखीचा आहे. तो कसा आला असेल तेही सांगता येतं, आणि चूक नेमकी कुठे आहे तेही.

समजा एप्रिलपासून सुरुवात केली. १५ टक्के मार्जिन धरलं तर खरेदी ४,२५,०००, जीएसटीसह ५,०१,५००. माल १ तारखेला आला, पुरवठादाराने ३० दिवसांची उधारी दिली. भाडं, एक माणूस, टेंपो मिळून ४५,०००. विक्रीवरचा जीएसटी ९०,०००, खरेदीचा ७६,५०० वजा जाऊन १३,५०० पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचे. म्हणजे एप्रिलमध्ये फक्त ४५,००० जातात, पण मेपासून दर महिन्याला ५,६०,००० बाहेर. १ जूनचं पुरवठादाराचं पेमेंट धरून ११,०६,५०० गेलेले असतात. एप्रिलची बिलं सरासरी १५ तारखेची मानली तर साठ दिवसांनी, म्हणजे १४ जूनला ५,९०,००० येतात आणि ताण सैलावतो. झाले तुमचे ११ लाख.

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. साठ दिवस मोजायला सुरुवात तुमच्या चलनाच्या तारखेपासून होत नाही, आणि बहुतेक ठिकाणी डिलिव्हरीपासूनही नाही. स्टोअरने माल मोजून तो मिळाल्याची नोंद म्हणजे जीआरएन काढला आणि बिल अकाउंट्समध्ये चढलं, तिथून होते. यात आठवडा सहज जातो. साठ दिवस भरले तरी पैसे त्या दिवशी सुटत नाहीत. कंपन्या महिन्यातून एक-दोन ठरलेल्या तारखांनाच पेमेंट काढतात, आणि तारीख हुकली की पुढच्या तारखेपर्यंत थांबा. १५ एप्रिलचं बिल २२ ला चढलं, २१ जूनला पिकलं, पैसे ५ जुलैला. साठाचे ऐंशी झाले.

आणि हे सगळं सरळ चाललं तर. त्याच पट्ट्यातलं एक अकाउंट्स ऑफिस आहे, नाव घेत नाही. बिलावरचा खरेदी ऑर्डरचा म्हणजे पीओ नंबर आणि लाइन आयटम त्यांच्या सिस्टिमशी तंतोतंत जुळला नाही तर बिल परत. परत करतात म्हणजे फोन करत नाहीत, ट्रेमध्ये ठेवून देतात. आपण पंधरा दिवसांनी विचारायला जावं तेव्हा कळतं की "तुमचं बिल तर चढलंच नाही". दुरुस्त करून दिलं की साठ दिवस नव्याने सुरू! पीओत "नग" आणि बिलात "रोल" एवढ्यावरूनही बिलं अडकली आहेत. वर पुन्हा "व्हेंडर कोड अपडेट नाही" हे उत्तर वेगळंच. म्हणून बिल टाकल्यावर तिसऱ्या दिवशी स्टोअरकडून जीआरएन नंबर मागून घ्यायचा आणि आठव्या दिवशी अकाउंट्समधून बिल चढल्याची तारीख लिहून घ्यायची. बजेटमध्ये हीच तारीख धरायची, चलनाची नाही.

ऐंशी दिवसांनी हिशेब पुन्हा लावा. पैसे ५ जुलैला येणार, पण १ जुलैला पुरवठादाराचं तिसरं पेमेंट आधीच गेलेलं असतं. त्या दिवशी एकूण गुंतलेले १६,६६,५००. कागदावरच्या आकड्यापेक्षा ५,६०,००० जास्त, म्हणजे बरोबर एका महिन्याचा सगळा खर्च. दोनपैकी एका कंपनीने महिनाभर उशीर केला तर आणखी २,९५,०००. मी तरी १९ ते २० लाखांची सोय असल्याशिवाय ही ऑर्डर धरायला सांगणार नाही. तुमचा घरखर्च यात नाही, तो वेगळा काढा.

"मग ११ लाखांत बसेल एवढंच करतो" म्हणाल तर तेही लावून बघा. महिन्याला ३ लाखांच्या विक्रीला १ जुलैपर्यंत साडेदहा लाख लागतात, पण त्यावरचं मार्जिन ४५,०००. ते सगळं खर्चात जातं. तुम्ही फुकट राबणार.

वीस लाखांतले उरलेले नऊ लाख बँकेच्या कॅश क्रेडिट म्हणजे सीसीतून आणावेत, हे माझं मत. लहान धंद्याला वर्षाच्या अंदाजित उलाढालीच्या २० टक्के हा बँकांचा जुना हिशेब, त्याने ६० लाखांवर १२ लाख मंजूर होऊ शकतात. पण मंजुरीच्या आकड्यावर बजेट करू नका, ड्रॉइंग पॉवरवर, म्हणजे प्रत्यक्षात उचलता येणाऱ्या रकमेवर करा. येणी आणि साठा यातून देणी वजा, उरतील त्यातून २५ टक्के मार्जिन कापून, असं साधारण धरतात (पद्धत आणि टक्के शाखेप्रमाणे बदलतात, सँक्शन लेटर वाचा). महिनाअखेर साठा शून्य धरला तर मे अखेर येणी ११.८० लाख, देणी ५.०१, म्हणून उचलता येतात जेमतेम ५.०९ लाख. तुमचे ११ मिळवले तरी १ जुलैला ५७,००० कमी पडतात. जून अखेरच्या आकड्यांवर तीच पॉवर साडेनऊ लाखांवर जाते. म्हणून ३० जूनचं स्टॉक स्टेटमेंट दहा तारखेची वाट न बघता १ जुलैला सकाळीच शाखेत द्या. ९० दिवसांवरची येणी बहुतेक शाखा मोजत नाहीत, म्हणजे अडकलेलं बिल इथेही मारतं.

व्याज विसरू नका. सुरुवातीचे महिने सरले की गुंतलेली रक्कम सरासरी बारा लाखांच्या आसपास राहते. स्वतःच्या पैशालाही १२ टक्के लावा, महिन्याचे बारा हजार. तुमचा ३०,००० चा नफा १८,००० वर येतो. कोटेशन देताना हे दरात धरा, नंतर कोणी वाढवून देत नाही.

"लहान उद्योगाची उद्यम नोंदणी काढा, कंपनीला ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात" असंही कोणी सांगतं. ते उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे. व्यापाऱ्यांना २ जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण फायदा प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरताच. उलट तुमचा टेप बनवणारा सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल तर त्याला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. ३१ मार्चला मुदत उलटलेली बाकी राहिली तर ती खरेदी त्या वर्षी खर्चात धरता येत नाही. तुमच्या बाबतीत नेमकं काय लागू होतं ते सीएला विचारा, मी सीए नाही. पण ३० दिवसांची उधारी तोंडी नको, लिहून घ्या.

पुरवठादार निवडताना आणखी एक. त्याने विक्रीचं विवरणपत्र, म्हणजे जीएसटीआर-१, वेळेत भरलं नाही तर तुमच्या जीएसटीआर-२बी या क्रेडिटच्या यादीत ते क्रेडिट दिसत नाही. मग त्या महिन्यात १३,५०० ऐवजी पूर्ण ९०,००० रोख भरावे लागतात, तेही कंपनीकडून एक रुपया यायच्या आधी. रोलमागे दोन रुपये स्वस्त देणारा असा निघाला तर परवडत नाही.

आणि मे महिन्यात टेपचा साठा पत्र्याच्या गोडाऊनमध्ये ठेवू नका. नागपूरच्या उन्हात गोंद कडेने बाहेर येतो, रोल एकमेकांना चिकटतात, स्टोअरवाले लॉट परत पाठवतात आणि जीआरएन निघतच नाही. खोके भिंतीपासून दूर, पॅलेटवर, खालच्या मजल्यावर ठेवा. उन्हाळ्यात पंधरा दिवसांपुरताच माल उचला, पुरवठादार दोन खेपांत द्यायला तयार असेल तर पेमेंटही दोन भागांत होतं आणि १ तारखेचा ताण थोडा कमी होतो.