'सो डू आय' की 'सो अ‍ॅम आय': बोलताना कसं ठरवायचं?

प्रश्न: 'येस, आय डू', 'सो डू आय', 'नायदर अ‍ॅम आय' ही छोटी उत्तरं पुस्तकात वाचताना कळतात. ऑफिसात बोलायची वेळ आली की 'डू' की 'अ‍ॅम' तेच सुचत नाही, मग मी दर वेळी 'मी टू' म्हणून मोकळा होतो. काय करू?

सुचण्याची वाट बघू नका. तो शब्द समोरच्याने आधीच बोलून ठेवलेला असतो, आपण फक्त उचलायचा. तो म्हणाला "आय अ‍ॅम टायर्ड", तर तुम्ही "सो अ‍ॅम आय". "आय कॅन ड्राइव्ह" ला "सो कॅन आय". त्याच्या वाक्यात असं सहायक क्रियापद नसेल, नुसतं "आय लिव्ह इन ठाणे" असेल, तर 'डू' आणायचं: "सो डू आय". भूतकाळ असेल तर 'डिड': "आय मिस्ड द ट्रेन", "सो डिड आय". फक्त रूप आपल्या कर्त्याप्रमाणे बदलतं. "माय ब्रदर वर्क्स इन पुणे" ऐकून स्वतःबद्दल बोलताना 'डज' नाही, "सो डू आय" च.

माझ्या स्पोकन इंग्लिशच्या वर्गात एवढं सगळ्यांना जमतं. अडतात ते दोन ठिकाणी. एक म्हणजे 'हॅव'. "आय हॅव सीन इट" मध्ये पुढे दुसरं क्रियापद आहे, म्हणून "सो हॅव आय". पण "आय हॅव अ मीटिंग" मध्ये 'हॅव' हेच मुख्य क्रियापद, म्हणून "सो डू आय". दुसरं म्हणजे 'आयड'. कानाला एकच ऐकू येतं, पण "आयड लव्ह टु गो" मधलं ते 'वुड' असतं आणि "आयड ऑलरेडी ईटन" मधलं 'हॅड'. त्यामुळे पुढचा शब्द येईपर्यंत थांबा: 'लव्ह' असं मूळ रूप आलं तर "सो वुड आय", 'ईटन' असं रूप आलं तर "सो हॅड आय".

नकार असेल तर 'सो' च्या जागी 'नायदर'. "आयम नॉट कमिंग", "नायदर अ‍ॅम आय". नकार 'नायदर' मध्येच आला, परत 'नॉट' लावायचं नाही. आणि 'नेव्हर' हाही नकारच, म्हणून "आय नेव्हर ईट देअर" ला "नायदर डू आय". तुमचं 'मी टू' चुकतं ते नेमकं इथे. होकाराला ते अगदी छान चालतं, इंग्रज लोकही दिवसभर तेच म्हणतात. नकाराला मात्र 'मी नायदर' म्हणा. तुमचं समोरच्यासारखं नसेल, म्हणजे तुम्हाला ती गोष्ट आवडत असेल, तर आणखी सोपं: "आय डोन्ट लाइक कॉफी" वर नुसतं "आय डू", पण जोर 'आय' वर.

शब्दांचा क्रमही सांभाळा. "यू हॅव अ हाफ डे टुडे" असं कोणी आठवण करून दिली आणि तुम्ही "सो आय डू!" म्हणालात, तर त्याचा अर्थ 'अरे हो की!' असा होतो. 'मलाही आहे' म्हणायचं असेल तर "सो डू आय".

खरा गोंधळ नकारार्थी प्रश्नात होतो, आणि तो व्याकरण पक्कं असलेल्यांचाही होतो. साहेब विचारतात, "हॅवन्ट यू सेंट द मेल?" मेल गेलेली नाही. आपल्या डोक्यात मराठी उत्तर तयार असतं, 'हो, नाही पाठवली', आणि तोंडून निघतं "येस". साहेबांच्या दृष्टीने मेल गेली! मराठीतला हा 'हो' समोरच्याच्या म्हणण्याला असतो. इंग्रजीतलं 'येस' किंवा 'नो' प्रत्यक्ष गोष्टीबद्दल असतं. पाठवली असेल तर "येस, आय हॅव", नसेल तर "नो, आय हॅवन्ट", प्रश्न कसाही विचारला तरी. म्हणून सुरुवातीला नुसतं 'येस' म्हणून थांबू नका. पुढचं "आय हॅव" किंवा "आय हॅवन्ट" बोललात की पहिला शब्द चुकला तरी समोरचा निदान परत विचारेल.

एक बारीक गोष्ट: "येस, आय अ‍ॅम" पूर्ण म्हणायचं. "येस, आयम" म्हणून थांबलात तर पुढे काहीतरी येणार असं वाटतं. "नो, आयम नॉट" मात्र चालतं.

आणि गप्पांमध्ये "येस, आय डू" एवढंच बोलून गप्प बसू नका, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यासारखं वाटतं. "डू यू लिव्ह निअरबाय?" असं विचारलं तर "येस, आय डू, जस्ट बिहाइंड द स्टेशन" म्हणा. बरेच जण तर 'आय डू' गाळून "या, जस्ट बिहाइंड द स्टेशन" एवढंच म्हणतात. "सो डू आय" लाही तेच: "सो डू आय. विच साइड?"