उधारी थकली म्हणून फसवणुकीचा गुन्हा : शेवटच्या दोन गाड्यांचं काय?

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं युनिट आहे. नागपुरातल्याच एका लोखंड व्यापाऱ्याकडून ऑगस्ट २०२४ ते सप्टेंबर २०२५ या काळात ४६ बिलांवर ८३ लाख ६० हजारांचा माल उधारीवर घेतला. ६१ लाख २० हजार बँकेतून दिले, त्यातले दीड लाख ऑक्टोबरमध्ये. ज्या गोदामाच्या शेडचं काम करत होतो त्या मालकाने माझं बिल अडवलं, म्हणून २२ लाख ४० हजार थकले. आता फसवणूक आणि विश्वासघाताचा एफआयआर झालाय. ठाण्यात म्हणतात, पैसे भर नाहीतर अटक. हायकोर्टातून हा गुन्हा रद्द होईल का? शेवटच्या दोन गाड्या, ७ लाख ८० हजारांच्या, आल्या तेव्हा गोदामाचं काम थांबून आठवडा झाला होता. हे वकिलांना सांगू की नको?

उत्तर : सांगा, आणि सगळ्यात आधी तेच सांगा. तुमच्या अर्जाचा निकाल बहुधा त्या दोन गाड्यांवरच लागणार आहे. उरलेल्या ४४ बिलांची मला फारशी काळजी वाटत नाही.

ती का वाटत नाही, हे आधी सांगतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधली फसवणूक सिद्ध व्हायची तर माल घेतानाच तो बुडवायचा हेतू असावा लागतो. घेताना हेतू स्वच्छ होता आणि पुढे पैसे देता आले नाहीत, तर तो करारभंग; त्यासाठी दिवाणी दावा आहे. सर्वोच्च न्यायालयाने हृदय रंजन प्रसाद वर्मा खटल्यात २००० साली ही रेघ ओढून दिली. नंतरच्या वागण्यावरून आधीच्या हेतूचा अंदाज घेता येतो, पण नुसतं नंतर पैसे न देणं म्हणजे आधीचा हेतू नव्हे, असं तिथे म्हटलं आहे.

आता फिर्यादीने एफआयआरसोबत जोडलेला खातेउतारा समोर ठेवून वाचा. बहुतेक व्यापारी टॅलीतून काढून, शिक्का मारून देतात. डाव्या बाजूला त्याची बिलं, उजव्या बाजूला तुमच्या आरटीजीएसच्या नोंदी. रुपयातले ७३ पैसे तुम्ही दिलेत आणि चौदा महिने देत आलात. ज्याला पहिल्या दिवसापासून माल लुबाडायचा आहे तो असा हप्त्याहप्त्याने पैसे देत बसत नाही. शिवाय हा कागद फिर्यादीचा स्वतःचा आहे, त्यामुळे तो नाकारायची सोय त्याला नाही. बिलाच्या तळाशीही बघा. अमुक दिवसांनंतर १८ टक्के किंवा २४ टक्के व्याज लागेल, अशी ओळ लोखंडाच्या बिलांवर बहुधा छापलेली असते. ती असेल तर उशीर होऊ शकतो हे विकणाऱ्याने धरूनच माल दिला होता, असं आपल्याला म्हणता येतं.

विश्वासघाताचं कलम ३१६ तर इथे बसतच नाही. त्यासाठी माल तुमच्याकडे सांभाळायला किंवा ठरलेल्या कामासाठी सोपवलेला असावा लागतो. बिल करून विकलेला माल तुमच्या मालकीचा झाला. स्वतःच्या मालाचा विश्वासघात होत नाही. दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात घोड्यांच्या खाद्याचं बिल थकलं होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो खटला रद्द करताना हेच सांगितलं, आणि एकाच व्यवहाराला फसवणूक व विश्वासघात ही दोन्ही कलमं एकत्र लागू शकत नाहीत, असंही बजावलं. फसवणुकीत हेतू सुरुवातीपासून वाईट असतो, विश्वासघातात माल आधी सरळपणे हाती येतो आणि मग नियत फिरते. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल?

आता त्या दोन गाड्या. दिवाणी वादाला फौजदारी रंग देण्याची प्रवृत्ती वाढते आहे, हे इंडियन ऑइल विरुद्ध एनईपीसी या २००६ च्या निकालातलं म्हणणं रद्द करण्याच्या बहुतेक अर्जांत उतरवलेलं असतं. पण तोच निकाल शेवटपर्यंत वाचला तर त्यात फसवणुकीची तक्रार न्यायालयाने रद्द केलेली नाही, हे दिसतं. विमान कंपनीचं इंधनाचं बिल थकलं होतं. थकबाकी फेडण्याचा नवा करार करून तिने बंद झालेला इंधनपुरवठा पुन्हा सुरू करून घेतला, आणि पुढे तारण ठेवलेल्या विमानांची इंजिनं काढून घेतली, असा आरोप होता. जुनी उधारी दिवाणी असली तरी नवा माल मिळवताना नवी फसवणूक होऊ शकते, हा त्यातला धडा तुमच्या सप्टेंबरच्या गाड्यांना थेट लागू पडतो. कलम ३१८ च्या स्पष्टीकरणात अप्रामाणिकपणे वस्तुस्थिती लपवणं हीसुद्धा फसवणूकच धरली आहे. सरकारी वकील तेच वाक्य वाचून दाखवतील.

म्हणून त्या आठवड्यात तुमच्यात आणि व्यापाऱ्यात नेमकं काय बोलणं झालं, हे मला हवं आहे. फोनवरचे संदेश काढा आणि एकही पुसू नका, कारण त्याच्या फोनमध्ये ते आहेतच. ‘नेहमीसारख्या दोन गाड्या पाठवा’ एवढंच लिहिलं असेल तर आपली बाजू बरी आहे. काम थांबणं आणि काम बुडणं यात फरक असतो. बांधकामात आठ-पंधरा दिवसांचा खोळंबा रोजचा आहे, आणि थांबलेलं प्रत्येक काम दुकानदाराला कळवण्याचं बंधन खरेदीदारावर नसतं. पण ‘गोदामाचं पेमेंट पुढच्या आठवड्यात येतंय, माल लगेच पाठवा’ असं लिहिलं असेल आणि पेमेंट येणार नाही हे तुम्हाला तेव्हा ठाऊक असेल, तर ते खोटं सांगून माल मिळवणं झालं. मग त्या ७ लाख ८० हजारांपुरता गुन्हा रद्द होणं कठीण आहे, हे मी तुम्हाला आजच सांगून ठेवतो.

दुसरा प्रश्न, त्या गाड्यांतलं लोखंड गेलं कुठे. ते गोदामाच्या शेडमध्ये लागलं असेल किंवा तुमच्या आवारात पडून असेल, तर त्याचे फोटो, साठ्याचं रजिस्टर, साइटवर माल उतरवल्याची पावती जोडा. भाव पाडून रोखीने विकून टाकलं असेल तर ते हेतूकडे बोट दाखवतं. ऑक्टोबरमधले दीड लाख मात्र तुमच्या बाजूने बोलतात. माल हाती आल्यावर, काम अडकलेलं असताना तुम्ही पैसे दिले. पळून जाणारा असं करत नाही.

अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात होईल. राज्य सरकार आणि फिर्यादी दोघेही गैरअर्जदार. या टप्प्यावर न्यायालय पुरावा तोलत नाही. एफआयआरमधलं सगळं खरं मानून चाललं तरी गुन्हा होतो का, एवढंच ते बघतं. १९९० च्या भजनलाल निकालातली पहिली कसोटी याच अर्थाची आहे. ‘माल हलका होता’, ‘भाव जास्त लावला’ असे मुद्दे अर्जात भरू नका. त्यावर साक्षीपुरावा लागतो, आणि इतका वाद असेल तर खटल्यातच बघू, असं म्हणायला न्यायालयाला वाव मिळतो. आरोपीचा कागद विचारात घेतला जातो, पण तो निर्विवाद असावा लागतो, हे राजीव थापर खटल्यात २०१३ साली ठरलं. म्हणून बँकेचा उतारा, फिर्यादीचाच खातेउतारा, बिलं आणि ते संदेश, एवढंच जोडायचं. त्या दोन गाड्यांची हकीकतही अर्जात आपणच लिहायची. ती पहिल्यांदा सरकारच्या उत्तरातून बाहेर आली तर न्यायालयाचा तुमच्यावरचा विश्वास त्या दिवशीच जाईल.

अटकेबद्दल. अर्ज दाखल झाला की अटक आपोआप थांबते, असं समजू नका. निहारिका इन्फ्रास्ट्रक्चर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली, कारणं न देता कठोर कारवाई न करण्याचे सरसकट आदेश देऊ नका, असं उच्च न्यायालयांना सांगितलं. म्हणून कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज सत्र न्यायालयात वेगळा करा. (जुन्या कायद्यात गुन्हा रद्द करण्याचं कलम ४८२ होतं, नव्यात तोच आकडा अटकपूर्व जामिनाचा आहे, कागद करून घेताना गल्लत होऊ देऊ नका.) फसवणुकीला शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे, त्यामुळे अटकेची खरी गरज नसेल तर पोलिसांनी आधी कलम ३५(३) ची नोटीस द्यायला हवी. ती आली की ठरल्या तारखेला हजर राहा आणि कागद दिल्याची पोच घ्या. नोटीस टाळणं हेच अटकेचं कारण होऊन बसतं.

ठाण्यात बसून पैसे देऊ नका, ‘अमुक तारखेपर्यंत भरतो’ असं लिहूनही देऊ नका. वसुली करून देणं हे पोलिसांचं काम नाही. तडजोड करायची असेल तर वकिलांमार्फत, लेखी करारावर, हप्ते बँकेतून. तसं झालं तर दोघांच्या संमतीने गुन्हा रद्द करता येतो. ज्ञानसिंग निकालापासून (२०१२) व्यापारी स्वरूपाच्या वादांत न्यायालयं ते मान्य करत आली आहेत. माझं मत विचाराल तर शेवटच्या दोन गाड्यांचे ७ लाख ८० हजार देण्याची तयारी पहिल्या तारखेलाच दाखवा, आणि गुन्हा मान्य नाही हे त्यातच स्पष्ट लिहा. सगळी थकबाकी देणं झेपत नसेल तरी हेतूबद्दलचा जो भाग नाजूक आहे तो त्याने बराच सावरतो.

सुनावणी लांबली आणि मध्येच दोषारोपपत्र दाखल झालं तर घाबरू नका. त्यानंतरही उच्च न्यायालय गुन्हा रद्द करू शकतं. अर्जात दुरुस्ती करून दोषारोपपत्राला आव्हान द्यायचं. मात्र खालच्या कोर्टात कागदांच्या नकला मिळाल्यापासून ६० दिवसांत आरोपमुक्तीचा अर्ज करता येतो. हायकोर्टात चालू आहे म्हणून ती मुदत वाया घालवू नका.

आणि गोदामाच्या मालकावर तुम्ही स्वतः फसवणुकीची फिर्याद द्यायच्या विचारात असाल, तर आधी नीट विचार करा. हायकोर्टात तुम्ही म्हणणार की थकलेलं बिल हा गुन्हा नाही, आणि त्याच वेळी ठाण्यात थकलेल्या बिलासाठी गुन्हा नोंदवा म्हणणार. ती फिर्याद फिर्यादीचे वकील तुमच्याच अर्जाला जोडून दाखवतील. त्याच्यावर वसुलीचा दिवाणी दावा करा. रक्कम ३ लाखांच्या वर असेल आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर कायद्याप्रमाणे दाव्याआधी मध्यस्थी लागते. मध्यस्थीचा तो अर्ज आणि त्याने बिल अडवल्याची तुमची नोटीस हायकोर्टाच्या अर्जासोबत जोडता येतील. पैसे का थकले, याचं उत्तर त्या कागदांतूनच मिळेल.