८०डीसाठी घेतलेली दुसऱ्या कंपनीची बॅटरी पारखायची कशी?

प्रश्न: माझ्याकडे कॅनन ८०डी आहे. ऑनलाइन दोन वेगवेगळ्या लोकल एलपी-ई६एन बॅटऱ्या घेतल्या, दोन्हींवर २६०० एमएएच लिहिलंय. एक घातली की बॅटरीवर कॅननचा लोगो आहे का, असं कॅमेरा विचारतो. दुसरी काही कुरकुर करत नाही, पण ४० टक्के दिसत असताना एकदम बंद पडते. दोन्ही खराब समजू का?

उत्तर:

दुसरी परत करा. पहिलीबद्दल मात्र घाई करू नका, कारण तो संदेश आतल्या सेलबद्दल काहीच सांगत नाही.

या बॅटरीला चार टर्मिनल असतात. दोन वीज देतात, एक तापमानासाठी असतं आणि ‘डी’ लिहिलेल्या टर्मिनलवरून कॅमेरा बॅटरीतल्या चिपशी बोलतो. चिपकडून हवं ते उत्तर आलं नाही की कॅमेरा लोगोचं विचारतो. आधी टर्मिनल कोरड्या सुती कापडाने पुसा. आपल्याकडे पावसाळ्यात तेवढ्यानेही काम होतं. तरीही संदेश आला तर चिपची नक्कल कच्ची आहे असं धरा. ८०डी पुढे वापरू देतो, फक्त टक्के नीट कळत नाहीत. निकॉनचे काही कॅमेरे असं चालवून घेत नाहीत. २०१३ च्या अखेरीस आलेल्या फर्मवेअर अपडेटनंतर तोवर नीट चालणाऱ्या लोकल बॅटऱ्या त्यांनी सरळ नाकारल्या. सेल तेच होते, पण कॅमेऱ्याची ओळख पटायची बंद झाली.

दुसऱ्या बॅटरीचं उलट आहे. चिप छान बोलते, पण सेलमध्ये दम नाही. मूळ एलपी-ई६एन १८६५ एमएएचची असते. चिप तोच आकडा धरून टक्के मोजत असेल आणि सेल प्रत्यक्षात ११०० च देत असतील, तर ते संपतात तेव्हा चिपच्या हिशेबात ७६५ शिल्लक असतात. म्हणजे ४१ टक्के. तुमच्या ४० टक्क्यांचं कोडं बहुधा इथेच सुटतं. दुसरी शक्यता अशी की आत एकामागे एक जोडलेल्या दोन सेलपैकी एक कमजोर आहे. तो आधी खाली जातो आणि दुसऱ्यात चार्ज उरला असला तरी संरक्षक सर्किट दोघांना बंद करतं. मल्टिमीटर असेल तर चार्जर फुल दाखवल्यावर व्होल्टेज बघा. ८.४ च्या जवळ हवं. ८.१ च्याही खाली असेल तर असा बेबनाव असण्याची शक्यता मोठी.

खरी क्षमता शोधायला मी व्हिडिओ चालवतो. एक धड मूळ बॅटरी हवी. मेनूतल्या बॅटरी माहितीत तिची रिचार्ज क्षमता तीन हिरव्या चौकोनांनी दाखवलेली असली पाहिजे, नाहीतर तुलनाच चुकते. दोन्ही बॅटऱ्या पूर्ण चार्ज करा. तीच लेन्स, स्क्रीनची तीच ब्राइटनेस, पंख्याखाली तीच खोली. रेकॉर्डिंग अर्ध्या तासाच्या सुमारास आपोआप थांबतं, ते लगेच पुन्हा सुरू करा आणि कॅमेरा बंद पडेपर्यंतची मिनिटं मांडा. समजा मूळ बॅटरी १०० मिनिटं चालली आणि नवी ६०, तर १८६५ चे ६० टक्के, म्हणजे साधारण ११२०. पहिलीलाही हीच परीक्षा द्या. ती ८५-९० मिनिटं गेली तर लोगोचा प्रश्न सोसून मी ती ठेवीन, पण वेळ घड्याळावर बघावी लागेल. गडकरी रंगायतनमध्ये नाटकाचा प्रयोग शूट करताना मी लोकल बॅटरी मध्यंतरापर्यंतच वापरतो. दुसऱ्या अंकाला मूळच घालतो, मग टक्के काहीही म्हणोत.

२६०० च्या आकड्यावर मुळीच जाऊ नका. कॅननने स्वतः २०२० मध्ये याच आकारात एलपी-ई६एनएच आणली, ती २१३० ची आहे. त्याच डबीत अर्ध्या किमतीत २६०० बसतात यावर माझा विश्वास नाही. सराफाकडच्या काट्यावर मूळ आणि नवी बॅटरी शेजारी ठेवून बघा. नवी चांगलीच हलकी भरली तर आत सेलच लहान आहेत.

पुन्हा घेताना शक्यतो कॅमेरा सोबत नेऊन घ्या. ठाण्याहून सीएसएमटीला उतरलात की बोरा बाजार चालत गाठता येतो. एकाच कंपनीच्या दोन बॅटऱ्या आळीपाळीने घालून मेनूत त्यांचे अनुक्रमांक बघा. दोन्हींचा एकच निघाला तर एकाच चिपची छापील नक्कल आहे, घेऊ नका. लेबलवर आयएस १६०४६ आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो बीआयएस केअर ॲपवर तिथल्या तिथे तपासता येतो. त्याने क्षमता कळत नाही, पण सुरक्षेची चाचणी झालेली वस्तू आहे की नुसता छाप मारलाय, एवढं कळतं.

आणि बॅटरी खाचेतून घट्ट निघायला लागली, पोट थोडंसं जरी फुगलं, तर ती त्याच दिवशी वापरातून काढा. पुन्हा चार्जिंगला लावू नका आणि घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.