घसारा, परिशोधन, मूल्यक्षती: वार्षिक अहवालात कुठे काय

प्रश्न: कंपनीचा वार्षिक अहवाल इंग्रजीतून मराठीत आणतोय. डेप्रिसिएशन, अमॉर्टायझेशन आणि इम्पेअरमेंट या तिन्हींना ‘घसारा’ लिहिले तर चालेल का? जुन्या अहवालात कुठे ‘अवमूल्यन’, कुठे ‘निर्लेखन’, तर कुठे ‘मूल्यऱ्हास’ असेही सापडते.

नाही चालणार. वाचकाला ताळेबंदातले आकडे टीपांशी जुळवायचे असतात आणि तिन्हींना एकच शब्द दिला की ते जुळत नाहीत. एका यंत्राचे उदाहरण घेऊ.

यंत्राची मूळ किंमत 60 लाख रुपये, उपयुक्त आयुष्य 10 वर्षे, अवशिष्ट मूल्य शून्य. सरळ रेषा पद्धतीने दरवर्षी 6 लाख घसारा. चौथ्या वर्षाअखेर संचित घसारा 24 लाख होतो आणि पुस्तकी किंमत 36 लाख उरते. त्याच सुमारास यंत्रावर निघणाऱ्या मालाची मागणी कोसळते, म्हणून कंपनी चाचणी घेते. यंत्र विकले तर विक्रीखर्च जाऊन 24 लाख मिळतील. वापरत राहिले तर पुढच्या रोख आवकीचे आजचे मूल्य 27 लाख आहे. या दोहोंतली मोठी रक्कम, म्हणजे 27 लाख, ही वसूलयोग्य रक्कम. पुस्तकी किंमत तिच्याहून 9 लाखांनी जास्त आहे आणि हे 9 लाख म्हणजे इम्पेअरमेंटचा तोटा.

आता दोन्हींना ‘घसारा’ म्हटले, तर त्या वर्षीचा घसारा 15 लाख दिसतो आणि घसाऱ्याच्या धोरणात दिलेल्या दराशी त्याचा मेळ बसत नाही. गोंधळ पुढच्या वर्षीही चालूच राहतो. उरलेले 27 लाख उरलेल्या 6 वर्षांवर विभागले जातात, म्हणून घसारा साडेचार लाखांवर येतो. 15 वरून साडेचार पाहणाऱ्या सभासदाला वाटते की कंपनीने घसाऱ्याची पद्धतच बदलली.

फरक मुळातच आहे. घसारा म्हणजे मालमत्तेचा खर्च तिच्या आयुष्यावर ठरवून, पद्धतशीर वाटून टाकणे. बाजारात त्या यंत्राला आज काय किंमत येते याचा त्यात हिशेब नसतो. इम्पेअरमेंटमध्ये मात्र किंमत वसूल होणार नाही असे दिसल्यावर ती एकदम खाली आणावी लागते. त्यासाठी मी ‘मूल्यक्षती’ सुचवेन. ‘मूल्यहानी’ही अर्थाने बरोबर आहे, पण ‘हानी’त तोटा आधीच आल्यामुळे ‘मूल्यहानीचा तोटा’ ही द्विरुक्ती होते. ‘मूल्यक्षतीचा तोटा’, ‘मूल्यक्षती चाचणी’, ‘संचित मूल्यक्षती’ ही रूपे सहज होतात. ‘मूल्यऱ्हास’ मात्र टाळाच. हिंदी अहवालांत ‘मूल्यह्रास’ म्हणजे साधा घसारा, आणि हिंदी-मराठी आवृत्त्या शेजारी ठेवून वाचणारा त्याच शब्दावर अडकतो.

अमॉर्टायझेशन हा यातला सर्वांत अवघड शब्द. कल्पना घसाऱ्याचीच आहे, फक्त ती सॉफ्टवेअर, पेटंट, परवाना अशा अमूर्त मालमत्तेला लागू होते. ‘निर्लेखन’ इथे अजिबात नको. आपल्या सहकारी बँकांच्या अहवालांत ‘निर्लेखित कर्जे’ म्हणजे वसुलीची आशा सोडून खात्यातून काढलेली कर्जे, हे सभासदांना चांगले ठाऊक असते. ‘सॉफ्टवेअरचे निर्लेखन’ वाचून त्यांना वाटेल की सॉफ्टवेअर निकामी झाले. मी ‘परिशोधन’ घेतो. तो मराठी वाचकाच्या रोजच्या वापरातला नाही, म्हणून पहिल्या उल्लेखाला एक वाक्य जोडा: ‘परिशोधन म्हणजे अमूर्त मालमत्तेची किंमत तिच्या उपयुक्त आयुष्यात टप्प्याटप्प्याने खर्ची टाकणे.’ नफातोटा पत्रकातली ओळ मग ‘घसारा व परिशोधन खर्च’ अशी नेमकी होते. कर्जरोखे ज्या पद्धतीने मोजले जातात तिला ‘परिशोधित किंमत’ म्हणता येते आणि तेच मूळ तिथेही टिकते. ‘परिशोधन’ नकोच असेल, तर सरळ ‘अमॉर्टायझेशन’ लिहा, पण मग अहवालभर तेच ठेवा.

गुडविलपाशी थोडे थांबा. भारतीय लेखा मानक, म्हणजे इंड एएस, पाळणाऱ्या कंपनीत गुडविलचे परिशोधन होत नाही. दरवर्षी त्याची मूल्यक्षती चाचणी होते आणि एकदा नोंदवलेली गुडविलची मूल्यक्षती पुढे कधीच उलट फिरवता येत नाही. अशा अहवालाच्या अनुवादात ‘गुडविलचे परिशोधन’ सापडले, तर बहुधा चूक अनुवादकाचीच असते. जुन्या मानकांवर चालणाऱ्या कंपनीत मात्र विलीनीकरणातून आलेल्या गुडविलचे परिशोधन होते, म्हणून धोरणाची टीप आधी वाचावी.

यंत्राच्या बाबतीत उलट नोंद होऊ शकते. वरच्या उदाहरणात सहाव्या वर्षाअखेर पुस्तकी किंमत 18 लाख असेल. मागणी सावरली आणि वसूलयोग्य रक्कम पुष्कळ वाढली, तरी किंमत 24 लाखांच्या वर नेता येत नाही, कारण मूल्यक्षती झालीच नसती तर 6 वर्षांच्या घसाऱ्यानंतर तेवढीच उरली असती. म्हणजे 9 लाखांपैकी 6 लाखच परत येतात. इथे ‘पूर्वीच्या मूल्यक्षतीची उलट नोंद’ असे लिहावे. ‘घसारा परत घेतला’ किंवा ‘पुनर्मूल्यांकन केले’ हे दोन्ही वेगळे व्यवहार आहेत.

‘अवमूल्यन’ चलनासाठी राखून ठेवा. 1966 साली सरकारने केले ते रुपयाचे अवमूल्यन. व्यवस्थापनाच्या विवेचनात डॉलरच्या तुलनेत रुपयाचे ‘डेप्रिसिएशन’ येते तेव्हा ती बाजारात झालेली ‘घसरण’ असते. तिथे घसाराही नको आणि अवमूल्यनही. बँकांच्या गुंतवणुकीबाबत ‘बाजारमूल्यातील घट’ म्हणा. मात्र ‘गुंतवणूक घसारा निधी’ असे नाव ताळेबंदात पूर्वीपासून असेल तर ते तसेच राहू द्या. निधीचे नाव अनुवादकाने बदलू नये.

शेवटचा हात फिरवताना इंग्रजी प्रतीत `depreciat`, `amorti` आणि `impair` ही अपुरी रूपे शोधा. `amorti` एवढेच टाकले की एस आणि झेड, दोन्ही स्पेलिंगे सापडतात. मराठीत `घसारा` शोधू नका, कारण ‘घसाऱ्याचा’, ‘घसाऱ्यापोटी’ निसटतात. शिवाय ‘ऱ्य’ दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टंकलेला असू शकतो आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. `घसा` शोधा, म्हणजे सगळी रूपे येतील आणि ‘घसरण’ बाहेर राहील. दोन्ही प्रतींतल्या उल्लेखांची संख्या जुळेलच असे नाही, कारण मराठीत कुठे सर्वनाम आलेले असते. म्हणून प्रत्येक उल्लेखाशेजारचा आकडा टीपेतल्या स्तंभाशी लावून पाहा: 6 लाख घसाऱ्याच्या स्तंभात, 9 लाख मूल्यक्षतीच्या. लेखापरीक्षकाचा अहवाल बहुतेकदा वेगळ्या माणसाकडे अनुवादाला जातो, तेव्हा हीच शब्दसूची त्यालाही आधीच द्या.