लग्नात नऊवारी नेसवणं आणि खोपा, असं पॅकेज कितीला पडतं? रिहर्सलला किती वेळ द्यावा?

संभाजीनगर-जालन्याकडे दोन्हीचे मिळून साधारण तीन ते पाच हजार धरा. गजरे, रिहर्सल आणि गावाकडे यायचं भाडं त्यातच आहे का, हे मात्र आधी विचारा. वाद तिथंच होतो.

रिहर्सलला दीड-दोन तास हवेत, तेही लग्नाच्याच पैठणीवर. कंबरेची गाठ उभ्यानं घट्ट वाटते, पण पाटावर मांडी घातली की कासोटा ताणला जातो आणि निऱ्या सरकतात. म्हणून नेसल्यावर दहा मिनिटं खाली बसा, उठा, सप्तपदीसारखं चाला. मागचा काठ वर चढला तर कासोटा आखूड पडलाय. पुन्हा नेसवून घ्या. खोपा मुंडावळ्या बांधूनच बघा, दोरी त्याच्याखालून जायला हवी.